स्टूल कल्चरमध्ये दरवेळी फक्त ई. कोलायच का उगवतो? प्लेट लावण्याआधी वाया गेलेले तास कसे शोधायचे

तक्रार ठरलेली असते. पावसाळ्यात आव-रक्ताच्या हगवणीचे रुग्ण वाढतात, प्राथमिक आरोग्य केंद्रांतून आणि ग्रामीण रुग्णालयांतून नमुने जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत येतात, मायक्रोस्कोपखाली पसपेशी आणि लाल पेशी भरपूर दिसतात, आणि दुसऱ्या दिवशी मॅकॉन्की प्लेट कडेपासून कडेपर्यंत गुलाबी असते. रंगहीन कॉलनी एकही नाही. अहवालात ‘रोगकारक जिवाणू आढळला नाही’ असे लिहिले जाते. आठवडाभर हेच चालले की कुणी माध्यमाच्या नव्या डब्याला दोष देतो, कुणी इनक्यूबेटरला, कुणी ‘आधीच अँटिबायोटिक दिले असेल’ म्हणून विषय संपवतो.

या कारणांत कधी कधी तथ्य असते. पण पसपेशी दिसतात आणि शिगेला मात्र कधीच सापडत नाही, अशी स्थिती सतत असेल तर आधी नमुना घेतल्यापासून प्लेट लावेपर्यंतचे तास मोजावेत. प्लेटवर जे दिसते ते रुग्णाच्या आतड्यातले चित्र नसते. तितक्या तासांनंतर डबीत जे शिल्लक राहिले, त्याचे ते चित्र असते.

डबीत नेमके काय घडते

साध्या प्लास्टिकच्या डबीतला शौचाचा नमुना टेबलावर ठेवला तरी त्यातले व्यवहार थांबत नाहीत. न पचलेली शर्करा असते, ऊब असते, आणि ई. कोलाय, क्लेब्सिएलासारखे रहिवासी जिवाणू ती शर्करा आंबवत राहतात. ॲसेटिक, लॅक्टिक अशी आम्ले साठतात आणि पीएच घसरतो. ज्यांनी आम्ल तयार केले ते टिकतात, काही काळ वाढतातही. शिगेला मात्र मरू लागतो.

इथे एक रास्त प्रश्न पडतो. शिगेलाचे दहा ते शंभर जिवाणूही माणसाला आजारी पाडू शकतात, म्हणजे ते जठरातल्या तीव्र आम्लातून सुखरूप जातात. मग विष्ठेतल्या सौम्य आम्लाने ते का मरावेत? फरक आम्लाच्या प्रकारात आहे. जठरातले हायड्रोक्लोरिक आम्ल पूर्ण विघटित असते. त्याचे प्रोटॉन पेशीच्या पडद्यातून सहजासहजी आत शिरत नाहीत, आणि उपासमारीच्या अवस्थेतल्या शिगेलाकडे त्यांना तोंड देण्याची यंत्रणा असते. ॲसेटिक आम्लासारखी सेंद्रिय आम्ले पीएच उतरला की बरीचशी अविघटित रूपात असतात. त्या रूपात ती पडदा ओलांडून आत जातात आणि आत गेल्यावर विघटित होऊन पेशीलाच आम्ल करून सोडतात. जठरात मुक्काम थोडा असतो, डबीत तो सात-आठ तासांचा असतो.

शिगेलाच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, आणि आमच्या मते सगळ्या तक्रारीचे मूळ तिथेच आहे. साल्मोनेलाची संख्या घटली तरी सेलेनाइट ब्रॉथमध्ये रात्रभर ठेवून ती वाढवून घेता येते. कॉलऱ्याच्या व्हिब्रिओसाठी अल्कलाइन पेप्टोन वॉटर आहे. शिगेलासाठी असा भरवशाचा एनरिचमेंट ब्रॉथ नाही. वाटेत जे गमावले ते प्रयोगशाळेत भरून काढता येत नाही, म्हणून उशिराचा पहिला फटका शिगेलाला बसतो आणि तो कोणाच्या लक्षातही येत नाही.

एका नमुन्याचा हिशोब

आकडे धरून चालू. हे आकडे हिशोबासाठी घेतले आहेत; प्रत्यक्षात दर रुग्णाचे वेगळे असतात. समजा, सकाळी साडेनऊला घेतलेल्या नमुन्यात एका ग्रॅमला १० लाख शिगेला आहेत आणि १० कोटी ई. कोलाय. प्रमाण झाले शंभरास एक. तो लगेच मॅकॉन्कीवर नीट रेघा ओढून पसरला आणि सुट्या, स्पष्ट अशा साधारण २०० कॉलन्या मिळाल्या, तर त्यांत दोन रंगहीन असतील. डोळे उघडे ठेवणाऱ्या माणसाला त्या सापडतील.

आता तोच नमुना साध्या डबीत गाडीची वाट पाहत राहिला. खोलीचे तापमान ३४ अंश. गाडी दुपारी आली आणि प्लेट साडेचारला लागली, म्हणजे सात तास गेले. तेवढ्यात शिगेला दहावा हिस्सा उरला, म्हणजे १ लाख, आणि ई. कोलाय फक्त तीनदा दुप्पट झाले, म्हणजे ८० कोटी, असे धरले तरी प्रमाण आठ हजारास एक होते. त्याच २०० कॉलन्यांच्या प्लेटवर शिगेलाची एक कॉलनी दिसण्यासाठी अशा चाळीस प्लेटा लावाव्या लागतील. नमुन्यात अजून लाखभर जिवंत शिगेला आहेत, आणि अहवाल मात्र ‘आढळला नाही’ असाच जाणार.

एक्सएलडी प्लेट लावून हे सुटत नाही. एक्सएलडीवर शिगेला लाल आणि ई. कोलाय पिवळे दिसतात, ओळख सोपी होते, काही ई. कोलाय दबतातही. पण ई. कोलाय फार झाले की त्यांच्या आम्लाने आजूबाजूचे सगळे माध्यमच पिवळे होते आणि मधली एखादी लाल कॉलनी त्या पिवळ्यात हरवते. एक्सएलडी जरूर लावा, पण तिच्या भरवशावर उशीर खपवू नका.

तोच नमुना साडेनऊलाच कॅरी-ब्लेअर या वाहतुकीच्या माध्यमात गेला, थंड राहिला आणि साडेचारला प्लेट लागली, तर शिगेला निम्मे झाले आणि ई. कोलाय होते तेवढेच राहिले असे धरू. प्रमाण दोनशेस एक. प्लेटवर एक कॉलनी. ही स्थितीही आदर्श नाही, पण शोधणाऱ्याला शक्यता तरी उरते. म्हणून दोन प्लेटा लावाव्यात आणि वेगळ्या दिसणाऱ्या प्रत्येक प्रकारच्या रंगहीन कॉलन्यांतून निदान दोन-तीन उचलाव्यात.

कॅरी-ब्लेअर काय करते आणि काय करत नाही

सिल्व्हन कॅरी आणि युजीन ब्लेअर यांनी हे माध्यम १९६४ साली मांडले. त्यात अन्न जवळपास नाही, हेच त्याचे बलस्थान. लिटरमागे सोडियम थायोग्लायकोलेट १.५ ग्रॅम, डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट १.१ ग्रॅम, मीठ ५ ग्रॅम, अगार ५ ग्रॅम आणि कॅल्शियम क्लोराइडच्या ताज्या १ टक्का द्रावणाचे ९ मिलि. थायोग्लायकोलेट ऑक्सिजन शोषून घेते. फॉस्फेट आम्लाला आवर घालते आणि पीएच ८.४ च्या आसपास ठेवते. अगार इतपतच असते की माध्यम दह्यासारखे थरथरते राहावे; त्यामुळे स्वॅब वाळत नाही आणि हिंदकळून हवा मिसळत नाही.

जुन्या स्टुअर्ट माध्यमात ग्लिसरोफॉस्फेट असे. काही कोलिफॉर्म जिवाणू ते खाऊन वाढतात, म्हणजे वाहतुकीच्या माध्यमातच नको त्यांची मेजवानी होते. म्हणून पुढे अजैविक फॉस्फेट आले. स्टूलसाठी स्टुअर्टच्या नळ्या वापरल्या जात असतील तर त्या बाजूला काढा.

आता मर्यादा. कॅरी-ब्लेअर वाढ मंदावते, थांबवत नाही. स्टूलबरोबर आत गेलेले अन्न तिथेही असतेच. नळी दिवसभर ३५ अंशांत मोटरसायकलच्या डिकीत फिरली तर आतले ई. कोलाय वाढतील आणि शिगेला घटतील, फक्त साध्या डबीपेक्षा सावकाश. शिगेलाचा संशय असेल तर माध्यम आणि थंडावा दोन्ही लागतात. नुसते माध्यम हा अर्धाच उपाय, आणि बहुतेक ठिकाणी हाच अर्धा उपाय पूर्ण समजला जातो.

नळी तयार करताना होणाऱ्या चुका

माध्यम स्वतः बनवत असाल तर कॅल्शियम क्लोराइड सोडून बाकी सगळे पाण्यात घालून अगार विरघळेपर्यंत तापवा, ५० अंशांपर्यंत निवू द्या, मग कॅल्शियम क्लोराइड घाला आणि पीएच ८.४ वर आणा. ९ मिलिच्या निर्जंतुक स्क्रू-कॅप नळीत ७ मिलि भरा. नळी जवळजवळ भरलेली असावी हा त्यामागचा हेतू. वर मोकळी हवा जितकी कमी तितके बरे. मग १५ मिनिटे नुसती वाफ द्या. ऑटोक्लेव्ह करू नका. नळ्या निवल्या की लगेच झाकणे घट्ट करा. झाकणे सैल ठेवून नळ्या रात्रभर टेबलावर राहिल्या तर ऑक्सिजन आत शिरतो आणि थायोग्लायकोलेटचे काम तिथेच संपते.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष पीएचकडे होते. डब्यावर ८.४ छापलेले असते म्हणून तयार माध्यम कुणी तपासत नाही, पण डिस्टिल्ड वॉटर आम्लधर्मी असेल किंवा पावडर ओलसर झाली असेल तर पीएच खाली राहतो. प्रत्येक बॅचची एक नळी मीटरवर तपासा आणि आकडा नोंदवहीत लिहा.

झाकण घट्ट, आकारमान घटलेले नाही, गढूळपणा नाही, रंग बदललेला नाही, असे असेल तर नळी वर्षभर चालते. आक्रसून काचेपासून सुटलेले माध्यम फेकून द्या. ते वितळवून पुन्हा भरू नका.

नमुना नळीत घालताना

आरोग्य केंद्रातल्या कर्मचाऱ्याला लेखी सूचना द्यायची झाली तर ती अशी असावी. नळ्या साध्या तापमानाला ठेवलेल्या असतील तर नमुना घेण्याआधी तास-दोन तास फ्रीजमध्ये किंवा आइस पॅकजवळ ठेवा. स्वॅब आधी माध्यमात ओला करा. मग शौचात, शक्यतो आव किंवा रक्त असलेल्या भागात, फिरवा. स्वॅबवर शौच डोळ्यांना दिसले पाहिजे. गुदद्वारातून घेतलेला स्वॅब पांढराच बाहेर आला तर दुसरा घ्या. मग तो नळीच्या तळापर्यंत खुपसा, काडीचा वरचा भाग मोडून टाका, झाकण घट्ट करा. नाव, तारीख आणि वेळ नळीवरच लिहा. सोबतचा कागद हरवतो.

दोन चुका वारंवार होतात. पहिली, स्वॅब वरच्या वरच टेकवलेला. कापूस माध्यमाच्या पृष्ठभागावर उघडा राहतो, हवा लागते, वाळतो. नळी हातात घेताच हे दिसते, म्हणून नमुना स्वीकारतानाच तपासा. दुसरी चूक चांगल्या हेतूने होते: ‘जास्त घातले तर जास्त मिळेल’ म्हणून चमचाभर स्टूल नळीत कोंबले जाते. मग फॉस्फेटची आम्ल झेलण्याची ताकद पुरत नाही आणि आत साध्या डबीसारखीच स्थिती होते. बाजारातल्या काही तयार बाटल्यांमध्ये फिनॉल रेड असते. ती लाल-गुलाबीची पिवळी झाली तर पीएच पडला असे समजा आणि नमुना पुन्हा मागवा.

थंड ठेवायचे म्हणजे गोठवायचे नाही. लसीच्या कॅरियरमध्ये डीप फ्रीजरमधून थेट काढलेले आइस पॅक भरले आणि नळी त्यांना चिकटून राहिली तर माध्यम हळूहळू गोठते. हळू गोठताना होणारे बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात. लसीसाठी जसे पॅक बाहेर ठेवून आत पाणी खुळखुळेपर्यंत थांबतात, तसेच इथेही करा आणि नळ्यांना कागदाचे वेष्टन द्या. ४ अंशांच्या आसपास ठेवलेल्या नळीतून ४८ तासांत प्लेट लावावी. त्यापेक्षा उशीर होणारच असेल तर उणे ७० अंशांत लवकरात लवकर गोठवावे. साध्या फ्रीजरच्या उणे २० अंशांत शिगेला नीट टिकत नाही, आणि आपोआप बर्फ वितळवणारा फ्रीजर तर आणखी वाईट, कारण त्यात तापमान सतत खालीवर होते.

कॉलऱ्याचा नमुना असेल तर गणित उलटे

बऱ्याच ठिकाणी अतिसाराच्या साथीत एकाच प्रकारची नळी वाटली जाते, आणि ती बहुधा व्हीआर फ्लुइडची असते. वेंकटरामन आणि रामकृष्णन यांचे हे माध्यम १९४१ सालापासूनचे, आणि कॉलऱ्यासाठी ते उत्तमच आहे. लिटरमागे २० ग्रॅम समुद्री मीठ, ५ ग्रॅम पेप्टोन, पीएच ८.६ ते ८.८. एवढे मीठ आणि एवढा अल्कलीपणा व्हिब्रिओला मानवतो आणि ई. कोलायला दाबतो. पण शिगेला तिथे टिकेल अशी अपेक्षा ठेवू नये. ज्या केंद्रातून सगळे नमुने व्हीआरमध्ये येतात, तिथून शिगेला कधीच सापडत नसेल तर यात नवल नाही. नोंदवहीत ‘कोणत्या माध्यमात आला’ हा रकाना नसेल तर हे कारण वर्षानुवर्षे ध्यानात येत नाही.

अल्कलाइन पेप्टोन वॉटरचा घोटाळा वेगळा. लिटरमागे पेप्टोन १० ग्रॅम, मीठ १० ग्रॅम, पीएच ८.५, हे वाहतुकीचे नव्हे, वाढवण्याचे माध्यम आहे. व्हिब्रिओ यात इतरांपेक्षा भराभर वाढतात आणि ६ ते ८ तासांत पृष्ठभागाशी दाट होतात. त्या वेळी नळी न हलवता वरच्या थरातून लूप घेऊन टीसीबीएसवर लावला तर २ ते ४ मिलिमीटरच्या पिवळ्या, चपट्या कॉलन्या मिळतात. मात्र सकाळी केंद्रात टाकलेली नळी दुसऱ्या दिवशी दुपारी पोचली, तर मागून आलेल्या जिवाणूंनी व्हिब्रिओला मागे टाकलेले असते. केंद्रावर हँगिंग ड्रॉपमध्ये व्हिब्रिओची सळसळती हालचाल दिसली आणि प्रयोगशाळेत कल्चर निगेटिव्ह आले, तर आधी हेच तपासा. अशी नळी फेकू नका: तिच्या वरच्या थरातला लूप ताज्या अल्कलाइन पेप्टोन वॉटरमध्ये घाला आणि ६ ते ८ तासांनी प्लेट लावा. स्टूलचे प्रमाणही पाळा, ब्रॉथच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको. जास्त झाले की अल्कलीपणा मोडतो.

थंडाव्याचेही तसेच. माध्यमाशिवाय फ्रीजमध्ये ठेवलेल्या स्टूलमधले व्हिब्रिओ घटतात, तर कॅरी-ब्लेअरमध्ये ते साध्या तापमानाला चांगले टिकतात. हवा ४० अंशांपलीकडे गेली किंवा फार दिवस लागणार असतील तरच थंडावा लागतो. म्हणून साथीत कारण माहीत नसेल तर एका रुग्णामागे दोन नळ्या घ्या, दोन्ही कॅरी-ब्लेअरच्या: एक थंड कॅरियरमध्ये, दुसरी तशीच. खर्च एका नळीचा वाढतो. केंद्रात कॅरी-ब्लेअर कमी आणि व्हीआर मुबलक असेल, तर थंड नळी कॅरी-ब्लेअरची आणि बाहेरची व्हीआरची. व्हीआरमध्ये १० मिलिला १ ते ३ मिलि पातळ शौच.

दोष वाटेत आहे की प्रयोगशाळेत, हे ठरवणारी चाचणी

वाद मिटवायचा तर मोजायला हवे. शिगेला फ्लेक्सनेरीचा एटीसीसी १२०२२ हा प्रमाणित स्ट्रेन वापरा. काम बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये, हातमोजे घालून. इतक्या कमी जिवाणूंनी आजार होतो की इथे निष्काळजीपणाला जागा नाही.

अँटिबायोटिक न घेणाऱ्या निरोगी व्यक्तीचे १० ग्रॅम स्टूल घ्या. शिगेलाचे ०.५ मॅकफारलंड गढूळपणाचे सस्पेन्शन करा, म्हणजे मिलिलिटरला साधारण १५ कोटी जिवाणू. ते दहापट पातळ करून त्यातले १ मिलि स्टूलमध्ये नीट कालवा. ग्रॅमला सुमारे १५ लाख शिगेला झाले. आता याचे भाग करा: एक साध्या डबीत ३५ अंशांवर, एक कॅरी-ब्लेअरमध्ये ३५ अंशांवर, एक कॅरी-ब्लेअरमध्ये तुमच्याच कॅरियरमध्ये तुमच्याच आइस पॅकसह, एक व्हीआरमध्ये साध्या तापमानाला. सुरुवातीलाच एक भाग थेट प्लेटवर. मग ४, ८, २४ आणि ४८ तासांनी प्रत्येकातून स्वॅब घ्या, १ मिलि सलाइनमध्ये घुसळा, दहा-दहापट पातळ करत जा आणि प्रत्येक पायरीचे १० मायक्रोलिटर मॅकॉन्की आणि एक्सएलडीवर लावा. दर वेळेसाठी वेगळी नळी ठेवा. एकच नळी पुन्हापुन्हा उघडली तर हवा शिरते आणि चाचणीच बिघडते.

वाचताना नुसती शिगेलाची संख्या पाहू नका, गुलाबी आणि रंगहीन कॉलन्यांचे प्रमाण पाहा. एका स्वॅबवर स्टूल कमी आले आणि दुसऱ्यावर जास्त, तर संख्या बदलते. प्रमाण त्याने बदलत नाही. रंगहीन कॉलन्यांतल्या काही शिगेला फ्लेक्सनेरीच्या अँटिसेरमने तपासा, कारण प्रोटियसही मॅकॉन्कीवर रंगहीन दिसतो.

सुरुवातीच्या प्लेटवरच शिगेला सापडला नाही, तर दोष प्रयोगशाळेत आहे: माध्यम फार निवडक झाले असेल, किंवा रेघा इतक्या दाट असतील की सुट्या कॉलन्या मिळत नसतील. सुरुवातीला सापडला, थंड कॅरी-ब्लेअरमध्ये २४ तासांनीही सापडला आणि साध्या डबीत ८ तासांत हरवला, तर दोष वाटेत आहे. थंड कॅरी-ब्लेअरमध्येही लवकर हरवला तर ती बॅच, तिचा पीएच किंवा कॅरियरचे तापमान तपासा. कॅरियरमध्ये तापमान नोंदणारे यंत्र ठेवले तर हे शेवटचे कारण एका फेरीत कळते.

घशाचे स्वॅब: इथे भीती वाळण्याची नाही, ओलाव्याची

घशाच्या स्वॅबमध्ये मुख्य शोध ग्रुप ए स्ट्रेप्टोकोकसचा असतो, आणि तो वाळणे बऱ्यापैकी सहन करतो. दूरच्या ठिकाणांहून स्वॅब आणण्यासाठी कोरडा स्वॅब सिलिका जेलसोबत ठेवण्याची पद्धत याच कारणाने चालते; डिप्थीरियाच्या स्वॅबलाही उशीर होणार असेल तर तीच सोय उपयोगी पडते. ओल्या माध्यमात, उबेत, तासन्‌तास राहिलेल्या स्वॅबवर घशातले रहिवासी वाढतात: व्हिरिडन्स स्ट्रेप्टोकोकाय, साधे निसेरिया, कधी कोलिफॉर्म. ब्लड अगारवर हे सगळे इतके दाट येतात की बीटा हिमोलिसिसची कडा त्यांच्याखाली झाकली जाते. अहवाल ‘नॉर्मल फ्लोरा’.

म्हणून एमीज माध्यमातला स्वॅब २४ तासांच्या आत प्लेटवर यावा. त्याहून जास्त वेळ लागणार असेल तर एमीजपेक्षा सिलिका जेल बरे. कोळसा घातलेले एमीज कापसातली विषारी द्रव्ये शोषून घेते, पण त्याच स्वॅबवरून ग्रॅम स्टेन केला तर काळे कण स्मिअरभर दिसतात. स्मिअर हवा असेल तर दुसरा स्वॅब घ्या. लाकडी काडीचे साधे कापसाचे स्वॅब टाळा, रेयॉन किंवा डॅक्रॉनचे वापरा.

मात्र घशाच्या कल्चरमध्ये प्रत्येक वेळी वाहतुकीलाच दोष देऊ नये. रक्तपेढीचे मुदत संपलेले मानवी रक्त घालून ब्लड अगार बनवत असाल, तर त्यातल्या अँटिबॉडी आणि रक्तदात्याने घेतलेली औषधे स्ट्रेप्टोकोकसला दाबू शकतात, आणि हिमोलिसिसही भरवशाचे दिसत नाही. एटीसीसी १९६१५ हा स्ट्रेप्टोकोकस पायोजेनिस त्याच प्लेटवर लावून पाहा. त्याची बीटा हिमोलिसिस स्पष्ट दिसली नाही, तर गाडीच्या वेळापत्रकाआधी मेंढीचे रक्त मिळवा. प्लेट २४ तासांनी वाचल्यावर फेकू नका. निगेटिव्ह वाटणारी ४८ तासांनी पुन्हा पाहा.

नोंदवहीत आणि अहवालात बदल

चार टप्प्यांची वेळ लिहा: नमुना दिला, माध्यमात घातला, प्रयोगशाळेत पोचला, प्लेटवर लागला. सोबत माध्यमाचे नाव आणि पोचताना नळी थंड होती का. पहिली आणि दुसरी वेळ वेगळी लिहिणे महत्त्वाचे आहे. कॅरी-ब्लेअरमध्ये आलेला नमुना पाहून सगळे समाधानी असतात, पण रुग्णाने डबी सकाळी सहाला भरलेली आणि स्वॅब अकराला नळीत गेलेला असू शकतो. ते पाच तास माध्यम परत आणून देत नाही.

माध्यमाशिवाय दोन तासांहून जास्त राहिलेला स्टूल नमुना शक्यतो परत मागवावा. रुग्ण गेलेला असेल आणि परत मिळणे शक्य नसेल तर प्लेट लावा, सापडले तर ते खरेच आहे. सापडले नाही तर ‘रोगकारक जिवाणू आढळला नाही’ एवढेच लिहून थांबू नका. ‘नमुना माध्यमाशिवाय ७ तासांनी मिळाला, शिगेला नसल्याचा निष्कर्ष यावरून काढता येणार नाही, शक्य असल्यास अँटिबायोटिकआधी कॅरी-ब्लेअरमध्ये नवा नमुना पाठवावा’ असे लिहा. आव-रक्त पडणाऱ्या मुलाचे औषध थांबवायचे की चालू ठेवायचे, हे पलीकडचा डॉक्टर त्या एका ओळीवरून ठरवत असतो.